पाठीवरचं ओझं मोजायचं की सोडून द्यायचं?

कंदीलवाला

मंडळी, जुनंच दुखणं घेऊन आलोय.

आमचा डी अँड डीचा, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणारा गट आहे. पाचवी आवृत्ती, २०१४ चं पुस्तक. चार खेळाडू, खेळ चालवणारा डीएम मी. गेल्या सेशनला त्यांनी एका सरदाराचं तळघर लुटलं. मिळालं काय, तर तांब्याची ४००० नाणी आणि मेलेल्या दोन रक्षकांच्या अंगावरची दोन प्लेट चिलखतं. चौघांनी शांतपणे शीटवर लिहून घेतलं. मी विचारलं, "हे सगळं उचलणार कोण?" फायटर म्हणाला, "मी." विझर्ड म्हणाला, "उरलेलं मी." या विझर्डची स्ट्रेंग्थ ८ आहे.

घरी येऊन हिशेब मांडला. नियम सोपा आहे, स्ट्रेंग्थ गुणिले १५ इतके पाउंड उचलता येतात. फायटरची स्ट्रेंग्थ १६, म्हणजे २४०. क्लेरिकची १४, म्हणजे २१०. रोगची, म्हणजे आमच्या चोराची, १०, म्हणजे १५०. आणि आमचे विझर्डमहाराज १२०. एकूण ७२० पाउंड. चौघांचं स्वतःचं सामान मिळून ३६१ पाउंड भरतं. लूट २१० पाउंडांची, कारण चिलखत एकेक ६५ चं आणि ५० नाण्यांचा एक पाउंड. म्हणजे सगळं उचलूनही जवळजवळ दीडशे पाउंड जागा शिल्लक!

तेव्हा प्रश्न असा. हा नियम कधीच कुणाला अडवत नसेल तर वजन लिहायचं तरी कशाला? सोडून देऊ, की त्याच पुस्तकातला ओझ्याचा पर्यायी नियम लावू? कुणी लावून टिकवलाय का?

आळशी_बोका

सोडून द्या. आम्ही तीन वर्षं वजन लिहिलेलं नाही आणि एकही ड्रॅगन त्याबद्दल तक्रार करायला आलेला नाही.

टोणगा७७

कन्सोल उघडा आणि हे टाका, विषय संपला:

```
player.modav carryweight 1000
```

कंदीलवाला

टोणगा, ते संगणकावरच्या स्कायरिममध्ये. आम्ही टेबलावर कागद-पेन्सिल घेऊन बसतो.

टोणगा७७

अरेच्चा. मग कागदावर लिहा.

खारुताई

😂 टोणगाचं उत्तर चुकीच्या प्रश्नाला असलं तरी मुद्द्याला धरून आहे. मर्यादा काढून टाकली की खेळ सोपा होतो असं वाटतं, प्रत्यक्षात कंटाळवाणा होतो. स्कायरिममध्ये मी ती कमांड टाकली आणि दोन दिवसांत गेम सोडला. काय उचलायचं हा विचारच संपला. दिसेल ती वस्तू उचलायची, दुकानात ओतायची, परत उचलायची. आणि दुकानदाराकडचे पैसे माझ्या मालाच्या आधी संपायचे!

गणिती_गोगलगाय

कंदीलवाला, तुमचा हिशेब बरोबर आहे. तो कुणाला अडवत नाही हेही बरोबर. गुणिले १५ चा नियम मुळात "हिशेब करू नका" असं सांगण्यासाठीच आहे. त्या आकड्याच्या आत काहीच होत नाही. तुमचा विझर्ड १२० पाउंड, म्हणजे चोपन्न किलो पाठीवर घेऊन पूर्ण वेगाने पळू शकतो. तो आकडा ओलांडायला माणसाला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात.

पर्यायी नियमात एकाऐवजी तीन पायऱ्या आहेत. स्ट्रेंग्थ गुणिले ५ पर्यंत मोकळे. त्याच्या वर गेलात की वेग १० फुटांनी कमी. गुणिले १० च्या वर गेलात की वेग २० फुटांनी कमी, शिवाय स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी आणि कॉन्स्टिट्यूशनवरच्या चेकना, हल्ल्यांना आणि सेव्हिंग थ्रोंना डिसअडव्हांटेज. वरची मर्यादा तीच, गुणिले १५.

चौघांचं सामान सविस्तर द्या, तुमच्याच गटाचा हिशेब करून दाखवते. हवेतल्या गप्पांपेक्षा ते बरं.

सावळागोंधळ

मी पर्यायी नियम वर्षभर चालवला. एक खाचखळगा आधीच सांगतो. चेनमेलला स्ट्रेंग्थ १३ लागते आणि प्लेटला १५, नाहीतर वेग १० फुटांनी कमी होतो. हा दंड आणि ओझ्याचा दंड दोन्ही एकत्र लागले की कमी ताकदीचा क्लेरिक अक्षरशः रांगतो. आमच्याकडे एकाचा वेग १० वर आला होता.

गणिती_गोगलगाय

@सावळागोंधळ, अर्धं बरोबर. चिलखतांच्या तक्त्यात स्ट्रेंग्थचा तो रकाना आहे, पण पर्यायी नियम लावला की त्याकडे दुर्लक्ष करा असं त्या नियमातच लिहिलंय. चिलखताचं वजन एकदा ओझ्यात धरलंच आहे, मग परत दंड कशाला? तुमचा क्लेरिक वर्षभर दुहेरी कर भरत होता.

सावळागोंधळ

...मी त्याला हे सांगणार नाही.

अर्धा_ड्वार्फ

माझी केस घ्या. मी ड्वार्फ. ड्वार्फला जड चिलखताने वेग कमी होत नाही असं पुस्तकात आहे. आमचा डीएम म्हणतो ओझ्याचा दंडही लागणार नाही. गटातले बाकीचे म्हणतात लागेल, कारण मी ड्वार्फ असल्याचा फायदा घेऊन सगळ्यांची हमाली माझ्याकडे येते आणि त्याबद्दल लुटीत जास्त वाटा मागतो. कोण बरोबर?

गणिती_गोगलगाय

त्या ओळीत फक्त जड चिलखत घालण्याबद्दल लिहिलंय. दोरखंड, नाणी, मशाली यांना ती सूट लागू होत नाही. फक्त चिलखताचं वजन ओझ्यातून वगळायचं का, यावर मात्र भांडता येईल. मी वगळते. तुमचा डीएम सगळंच वगळत असेल तर त्याला बदलू नका, पण हमाली नक्की करा.

कंदीलवाला

गोगलगायताई, ही घ्या यादी. चौघांनीही एक्सप्लोरर्स पॅक घेतलाय. सगळे नवीन खेळाडू असेच करतात.

फायटर: चेनमेल, ढाल, लाँगस्वोर्ड, दोन हँडअ‍ॅक्स, पॅक. १२७ पाउंड.
क्लेरिक: चेन शर्ट, ढाल, मेस, पॅक. ८९.
रोग: लेदर, शॉर्टस्वोर्ड, शॉर्टबो, वीस बाण, दोन डॅगर, चोरीची हत्यारं, पॅक. ७७.
विझर्ड: काठी, मंत्रांची वही, कंपोनंट पाउच, पॅक. ६८.

खारुताई

विझर्डच्या ६८ मध्ये पॅकचे ५९?! त्या पॅकमध्ये असतं तरी काय, पाटा-वरवंटा?

कंदीलवाला

बॅकपॅक स्वतः ५, अंथरूण ७, जेवणाचा डबा १, चकमक १, दहा मशाली १०, दहा दिवसांचं खाणं २०, भरलेली पाण्याची पिशवी ५, पन्नास फूट दोरी १०. बेरीज ५९. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात बॅकपॅकमध्ये ३० पाउंड मावतात असं लिहिलंय. उरलेलं बाहेर लटकवायचं म्हणे.

गणिती_गोगलगाय

चला.

फायटरच्या पायऱ्या ८० आणि १६०. त्याच्याकडे १२७ आहेत, म्हणजे पहिली पायरी ओलांडलेली. क्लेरिकच्या ७० आणि १४०, त्याच्याकडे ८९, तोही ओलांडून बसलाय. रोगच्या ५० आणि १००, त्याच्याकडे ७७. विझर्डच्या ४० आणि ८०, त्याच्याकडे ६८. चारही जण घरातून निघतानाच ओझ्याखाली आहेत. अजून एक नाणंही उचललेलं नाही आणि सगळ्यांचा वेग ३० वरून २० वर आला. बहुतेक गट इथेच नियम सोडून देतात. पहिल्याच दिवशी सगळ्यांना दंड लागला की खेळाडूंना वाटतं नियमच मोडका आहे.

आता लूट. कोणीही दुसरी पायरी ओलांडायची नाही असं ठरवलं, तर फायटरकडे ३३ पाउंड जागा आहे, क्लेरिककडे ५१, रोगकडे २३, विझर्डकडे १२. एकूण ११९. लूट २१० ची. ९१ पाउंड मागे राहणार.

इथून खरी मजा. ४००० तांब्याच्या नाण्यांचं वजन ८० पाउंड आणि किंमत अवघी ४० सोन्याची नाणी. एक प्लेट चिलखत ६५ पाउंड, नवीन १५०० चं, विकताना निम्मे म्हणजे ७५०. तेव्हा तांबं सोडायचं हे कुणीही सांगेल. एक चिलखत सुट्या भागांत वाटून घेतलं की ५४ पाउंड जागा उरते. दुसऱ्या चिलखताला ११ पाउंड कमी पडतात.

अकरा पाउंड! कुणीतरी दहा मशाली आणि एका दिवसाचं खाणं टाकून द्यायचं. १२ पाउंड मोकळे झाले, दुसरं चिलखत बसलं, वर एक पाउंड उरला. त्यात ५० तांब्याची नाणी. चौघेही बरोब्बर १६०, १४०, १०० आणि ८० वर.

हा संवाद तुमच्या टेबलावर व्हायला हवा होता. "मशाली कोण टाकणार?" आणि मग परतीच्या वाटेवर अंधार.

ओझेवाला

गोगलगायताई, दंडवत. पण एक अडचण. चिलखताचे तुकडे वाटून घेता येतात हे तुम्ही गृहीत धरलंत. ६५ पाउंडांची वस्तू अखंड असेल तर ती कुणाच्याच जागेत बसत नाही. फायटरने एक उचललं की १९२, म्हणजे थेट दुसऱ्या पायरीवर, वेग १० आणि तलवारीच्या प्रत्येक वाराला डिसअडव्हांटेज.

गणिती_गोगलगाय

मान्य. पुस्तक तिथे गप्प आहे. प्लेट म्हणजे पट्ट्यांनी बांधलेले सुटे भाग, म्हणून मी वाटू देते. नाही दिलं तर दोन्ही चिलखतं सोडा, नाहीतर फायटरला गाढव करा.

आळशी_बोका

मला हेच म्हणायचंय. हे वाचतानाच मी दमलो. खेळायला बसलोय की टॅक्स भरायला? प्रत्येक बाण सोडला की वीसावा भाग पाउंड कमी करायचा का?

पेटारा

बोका, म्हणून तर खण आलेत. पाउंड सोडा, खण मोजा. आम्ही तेच करतो. प्रत्येकाला स्ट्रेंग्थइतके खण, कमीत कमी दहा. एक हत्यार एक खण, दोन हातांचं असेल तर दोन. ढाल एक, जड चिलखत तीन. तीन दिवसांचं खाणं एक, तीन मशाली एक, शंभर नाणी एक. शीटच्या कडेला रकाने आखले, भरले की संपलं. बेरीज-वजाबाकी नाही, एका नजरेत कळतं. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीतही पाउंड नाहीत, तिथे बल्क आहे. हलक्या दहा वस्तूंचा मिळून एक बल्क, त्याहून हलक्याचं काहीच मोजायचं नाही.

गणिती_गोगलगाय

खण चांगले आहेत, मी एका गटात वापरते. फक्त काय गमावतो ते माहीत असू द्या. तुमच्या पद्धतीत ८ स्ट्रेंग्थच्या विझर्डला १० खण आणि १६ च्या फायटरला १६. फायटरचे तीन चिलखतात, एक ढालीत, एक तलवारीत गेले. उरले ११. विझर्डची काठी आणि वही गेली, उरले ८. दुप्पट ताकद असून फरक तीन खणांचा.

पेटारा

मग? विझर्डने काहीच उचलू नये का?

गणिती_गोगलगाय

उचलावं की. मी फक्त म्हणतेय की स्ट्रेंग्थ नावाच्या गुणाचा एक उपयोग कमी झाला. पाचव्या आवृत्तीत आधीच लोक स्ट्रेंग्थ ८ ठेवून मोकळे होतात, कारण त्याची किंमत कुठेच मोजावी लागत नाही.

पेटारा

आणि मी म्हणतोय की जो नियम पाळला जातो तोच नियम. तुमचा ११ पाउंडांचा हिशेब अप्रतिम आहे, पण तो तुम्ही केलात. कंदीलवालांच्या विझर्डने केला नसता.

कंदीलवाला

हे मात्र खरंय. तो अजून स्वतःचा प्रोफिशियन्सी बोनस विचारतो.

जुना_गडी

तुम्ही सगळे ओझं किती यावर भांडताय. पण मुळात ते मोजायचे कशासाठी ते कुणी बोलत नाही.

डी अँड डीच्या १९८१ च्या बेसिक संचात वजन नाण्यांमध्ये मोजत. दहा नाण्यांचा पाउंड, तुमच्या आजच्या नाण्यांच्या पाचपट जड! ४०० नाण्यांपर्यंत ओझं असेल तर दहा मिनिटांच्या एका टर्नमध्ये १२० फूट चालायचं. ६०० पर्यंत ९० फूट, ८०० पर्यंत ६०, आणि १६०० पर्यंत अवघे ३०. त्यापुढे पाऊल उचलत नाही.

आता समजा बाहेर पडायचा रस्ता १२०० फुटांचा आहे. रिकाम्या हाताने दहा टर्न. लुटीने लादलेले असाल तर चाळीस टर्न. मशाल सहा टर्न जळते, म्हणजे दोनऐवजी सात मशाली. दर दोन टर्नना भटक्या राक्षसांसाठी फासा टाकायचा, सहात एक आला की कोणीतरी येतं. पाचऐवजी वीस वेळा टाकायचा. आणि अनुभवाचे गुण मिळायचे ते मुख्यतः बाहेर आणलेल्या सोन्याचे, मारलेल्या राक्षसांचे थोडेच. म्हणजे प्रत्येक नाणं हा एक गुणही होता आणि एक धोकाही. त्या खेळात वजन हेच खरं इंजिन होतं.

पाचव्या आवृत्तीत सोन्याचे गुण नाहीत, भटक्यांचा फासा बहुतेक डीएम टाकत नाहीत आणि निम्म्या गटाला अंधारात दिसतं, त्यामुळे मशालही लागत नाही. मग वेग १० फुटांनी कमी झाला तर बिघडतं काय? सेशनमध्ये "तुम्ही तीन तासांनी बाहेर पोचता" याऐवजी "साडेचार तासांनी पोचता". इंजिन काढून घेतलंय आणि ब्रेक तसाच ठेवलाय.

खारुताई

जुनेबुवा, हे मी कधी या बाजूने पाहिलंच नव्हतं. आमच्याकडेही तेच होतं, हळू चालण्याची किंमत शून्य.

ओझेवाला

पूर्ण शून्य नाही. लढाईत वेग २० आणि ३० मध्ये फार फरक पडतो. ३० फुटांवरचा धनुर्धर गाठायला एक फेरी की दोन, हा प्रश्न असतो.

जुना_गडी

लढाईत पडतो, कबूल. पण मग खेळाडू लढाई सुरू होताच पॅक खाली टाकतात.

कंदीलवाला

थांबा, हे चालतं?

जुना_गडी

का नाही चालणार? तुमचाच फायटर घ्या. १२७ मधून ५९ चा पॅक गेला की ६८. पायरी ८० ची. वेग परत ३०. क्लेरिक ८९ वरून ३० वर, रोग ७७ वरून १८ वर, विझर्ड ६८ वरून ९ वर. पॅक टाकला की चौघे मोकळे.

आळशी_बोका

म्हणजे नियम लावला काय न लावला काय! मी जिंकलो.

जुना_गडी

उलट. आता पॅक जमिनीवर आहे. लढाई बिघडली आणि पळायची वेळ आली तर उचलायला कोण थांबणार? दोरी, खाणं, पाणी, सगळं त्या खोलीत राहिलं. माझ्या गटाने एकदा जीव वाचवला आणि मग दोन दिवस उपाशी चालत बाहेर पडले. ते सेशन त्यांना अजून आठवतं, ज्या राक्षसापासून पळाले तो आठवत नाही.

ओझेवाला

पण पॅक टाकायला लागतं काय? हातातली वस्तू सोडायला काही लागत नाही हे सगळे मानतात. पाठीवरचा, दोन पट्ट्यांनी खांद्याला बांधलेला पॅक? आणि वर ढाल? माझ्या मते एक अ‍ॅक्शन.

जुना_गडी

एक अ‍ॅक्शन लावली तर कुणी टाकणारच नाही, पहिला वार सोडून पॅक कोण काढेल? मी फुकट सोडू देतो. घ्यायला मात्र एक अ‍ॅक्शन.

सावळागोंधळ

आम्ही हालचालीतले १० फूट कापतो. मधला मार्ग.

ओझेवाला

ढाल हातातून उतरवायला पुस्तकात एक अ‍ॅक्शन आहे. पॅक त्याहून सोपा कसा?

जुना_गडी

कारण ढाल हाताला नीट बांधलेली असते आणि पॅक मी एका खांद्यावर घेतो 😄

डंजन_पोपट

वजनाचा सगळ्यात उत्तम खेळ केलाय तो नेटहॅक या संगणकावरच्या गेमने. तिथे लोडस्टोन नावाचा दगड आहे. दिसायला बाकीच्या करड्या दगडांसारखाच. वजन ५००, आणि शापित असेल तर टाकताच येत नाही. उचलल्याक्षणी तुमचं कंबरडं मोडतं. म्हणून जाणती माणसं करडा दगड दिसला की आधी लाथ मारतात. "Thump!" आलं की समजायचं, हात लावायचा नाही. मी हे तिसऱ्या मरणानंतर शिकलो.

खारुताई

कंदीलवाला, तुमच्या विझर्डला हा एक भेट द्या. 😂

टोणगा७७

मी परत आलो. स्कायरिममध्येही ओझ्याची गंमत आहेच की. ३०० पर्यंत काही नाही, ३०१ झालं की पळता येत नाही आणि फास्ट ट्रॅव्हलही बंद. एका पानाने माणूस लंगडा होतो. आणि सोनं आणि बाण बिनवजनाचे. ड्रॅगनचं एक हाड मात्र १५ चं.

डार्क सोल्समध्ये तर पिशवीतल्या प्रत्येक वस्तूचं वजन मोजतात, तिथे लोळताही येत नाही.

पेटारा

पिशवीतल्या नाही, अंगावर चढवलेल्या वस्तूंचं. पिशवीत शंभर तलवारी ठेवा, गेमला फरक पडत नाही. पहिल्या भागात अंगावरचं वजन क्षमतेच्या पाव भागाच्या आत असलं की चपळ लोळण, निम्म्यापर्यंत मध्यम, त्यावर धपकन पडल्यासारखी. आणि तुमचा ३०१ चा मुद्दा इथेही लागू आहे. सगळ्या पायऱ्यांच्या पद्धतींत खेळाडू पायरीच्या काठावर जाऊन बसतो. गोगलगायताईंचे चौघे बघा ना, १६०, १४०, १००, ८०.

गणिती_गोगलगाय

अगदी खरं. म्हणूनच माझ्या हिशेबानंतर पुढच्या खोलीत त्यांना एक जडशी किल्ली मिळायला हवी. दोन पाउंडांची.

अर्धा_ड्वार्फ

हे क्रौर्य आहे. आवडलं.

आळशी_बोका

आणि पाचव्या पातळीला डीएम बॅग ऑफ होल्डिंग देतो आणि हा सगळा धागा निकालात निघतो. ५०० पाउंड मावतात, पिशवीचं वजन कायम १५.

गणिती_गोगलगाय

मावतात, पण तोंड साधारण दोन फुटांचं. तोंडातून जाईल तेच आत. आणि पिशवी फाटली किंवा टोचली गेली की आतलं सगळं अ‍ॅस्ट्रल प्लेनमध्ये. सुटे भाले आणि चिलखताचे कोपरे आत कोंबणाऱ्यांनी जपून. शिवाय ते १५ पाउंड कुणाच्या खात्यात? विझर्डच्या घातले तर ४० पैकी १५ तिथेच गेले.

कंदीलवाला

परवा सेशन झालं, म्हणून परत आलो.

आधी चौघांना पॅक उघडायला लावला. प्रत्येकाने दहा दिवसांचं खाणं, दहा मशाली आणि दोरी घ्यायची गरज काय, एवढंच विचारलं. अर्ध्या तासात एकच दोरी ठेवली, मशाली फायटर आणि रोगकडे पाच-पाच, खाणं प्रत्येकी चार दिवसांचं. रोग आणि विझर्ड पहिल्या पायरीच्या आत आले. क्लेरिकही. फायटर २० पाउंडांनी चुकला आणि तसाच राहिला, म्हणाला, "मी हळूच चालतो, भारदस्त दिसतं."

आकडे मी शीटवर नाही ठेवले. प्रत्येकाच्या कार्डावर मोकळा, ओझ्याखाली, लादलेला असे तीन रकाने आणि एक चिमटा. फक्त मोठी वस्तू आली किंवा गेली की बेरीज करायची. बाण आणि एकेक मशाल मोजत नाही. हे पेटारांमुळे.

जुनेबुवांचं ऐकून वाटेत फासाही टाकायला लागलो. हळू गेलात तर जास्त वेळा. चिलखतांपैकी एक घेतलं, एक पुरून ठेवलंय. तांबं सोडलं. सोडताना रोगला खरंच वाईट वाटलं, ते बघून मला बरं वाटलं.

पॅक टाकायचा प्रश्न आला, दुसऱ्याच फेरीत. मी फुकट सोडू दिला. ओझेवाला नाराज होतील.

ओझेवाला

झालोच आहे. पुढच्या वेळी लढाईत कुणी पट्टा कापून घेऊ दे, मग बोलू.

गणिती_गोगलगाय

फायटर २० पाउंडांनी चुकला म्हणताय, त्याचे दोन्ही हँडअ‍ॅक्स मिळून ४. पाच मशालींचे ५, अंथरुणाचे ७. आणि खाणं दोन दिवसांचं कमी केलं की ४. त्याला सांगा.

कंदीलवाला

सांगितलं. तो म्हणतो त्यापेक्षा खेचर घेऊ. आठ सोन्याची नाणी, ४२० पाउंड उचलतं. आता चौघेही खेचराचं नाव काय ठेवायचं यावर भांडतायत.

जुना_गडी

घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. तुमच्या पुढच्या डंजनमध्ये शिडी आहे का?

कंदीलवाला

आता आहे.